चौघांचं घर, चार कामं, दर आठवड्याला बदल. यात अन्याय कुठे आहे?

वडिलोपार्जित
आमच्या घरात चौघं. मी ४५, बायको ४२, मुलगी १४, मुलगा ८. भांडीवाल्या मावशी मे महिन्यात गावाला गेल्या त्या परत आल्याच नाहीत, तेव्हा मी फ्रिजवर तक्ता लावला. चार कामं: भांडी, केर-फरशी, कपडे, आणि ओटा-ताटंपाणी. दर सोमवारी प्रत्येकजण पुढच्या कामावर सरकतो, म्हणजे महिन्यात सगळ्यांनी सगळं केलेलं असणार. तिसऱ्या आठवड्यात मुलगा सिंकसमोर रडत बसला, मुलगी म्हणते हे फेअर नाही, आणि बायको काहीच बोलत नाहीये (हे जास्त धोकादायक). सारखं म्हणजे सारखं ना? आजकालच्या पोरांना जरा काम सांगितलं की लगेच अन्याय.

खडीसाखर
तुमची पोस्ट सकाळी लोकलमध्ये वाचली आणि ठाणं आलं तरी डोकं शांत होईना म्हणून लिहितेय. तुमच्या तक्त्यात स्वयंपाक कुठाय हो? भांडी आहेत, ओटा आहे, पण ती भांडी घाण कशाने होतात ते नाही. म्हणजे सकाळचे डबे, पोळ्या, रात्रीची भाजी-आमटी हे बायकोचं आधीपासूनच, ते "काम" धरलंच नाही, आणि त्याच्या वर तिला परत चौथा हिस्सा दिलात. आणि म्हणे सारखं म्हणजे सारखं! वहिनी बोलत नाहीत कारण बोलून काय होतं हे त्यांना माहितीये. आमच्याकडे पण असाच तक्ता होता, रंगीत पेनांनी केलेला, त्यात "गॅस बुक करणे" कुणाच्याच नावावर नव्हतं आणि तरी गॅस दर वेळी आपोआप यायचा. चमत्कारच.

कर्जत_लोकल
झालं सुरू, पुरुषांवर घसरायला निमित्तच लागतं. सरकारचाच २०१९ चा वेळेचा सर्व्हे आहे, पुरुष घरकामाला रोज ९७ मिनिटं देतात. दीड तास! ऑफिस आणि प्रवास करून. हे कुणी सांगत नाही.
आणि मूळ प्रश्नाला उत्तर सोपं आहे, दुसरी बाई लावा. आठ वर्षांच्या पोराला भांडी घासायला लावून काय मिळवणार?

हिशेबनीस
कर्जत, त्याच सर्व्हेत बायकांचा आकडा २९९ मिनिटांचा आहे तो खिशातच राहिला वाटतं. आणि ९७ ही सरासरी फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्या पुरुषांची आहे, तसे शंभरातले साधारण २६. बाकीचे हिशोबातच नाहीत.

वडिलोपार्जित, मी वीस वर्षं एका वसतिगृहाच्या मेसमध्ये पाळ्या लावल्यात, म्हणून थोडं आगाऊपणाने बोलतो. तुमची गडबड दोन जागी आहे. पहिली म्हणजे तुम्ही कामं मोजलीत, वेळ नाही. एक आठवडा तक्ता काढून ठेवा आणि कोण करतंय ते न बघता नुसती मिनिटं लिहा. आमच्या घरात (आम्हीही चौघंच, पोरं तुमच्या पोरांपेक्षा थोडी मोठी) भांडी दोन वेळची मिळून ५० मिनिटं, केर-फरशी ३५, ओटा-ताटंपाणी ३०, आणि कपडे आठवड्याला चार मशीन, वाळत घालण्यापासून घड्यांपर्यंत धरून रोजचे १८ पडले. म्हणजे ज्याच्याकडे कपडे तो मजेत आणि ज्याच्याकडे भांडी त्याला जवळजवळ तिप्पट. मोठी माणसं म्हणतात फिरतंय ना, महिन्यात फिटेल. आठ वर्षांच्याला महिना दिसत नाही, त्याला आजचं सिंक दिसतं. त्यात तुम्हाला लागतात २५ मिनिटं तिथे त्याला ५० लागणार आणि कढई नंतर कुणीतरी गुपचूप परत घासणार. ते कोण घासतं बघा एकदा.

वडिलोपार्जित
कढई बायको घासते. ठीके, तो मुद्दा मान्य. पण मग छोट्याला सूट द्यायची आणि मुलीला नाही, हे तिच्यावर अन्याय नाही का? ती तेच म्हणतेय.

पाटावरवंटा
"दुसरी बाई लावा" वर कुणीच काही बोललं नाही म्हणून मी बोलतो. माझी आई पाच घरची धुणीभांडी करायची. तिच्या पाच घरांत तक्ते नव्हते कारण तक्ता ती होती. रविवारी सुट्टी मागितली की "मग आमचं कसं होणार" हेच. घरी आल्यावर आमची भांडी मी आणि बहीण करायचो, मी सात वर्षांचा होतो, रडलो नाही कारण रडून कुणाला दाखवणार. लहान पोराला भांडी नको हे मला पटतं, पण "बाई लावा" म्हणताना त्या बाईच्या घरी कोण घासतं एवढं तरी डोक्यात येऊ दे.

कर्जत_लोकल
मी कुणाच्या आईबद्दल बोललो नव्हतो. पगार देतो आम्ही, फुकट नाही राबवत. तुम्ही वैयक्तिक घेताय.

पाटावरवंटा
वैयक्तिकच आहे. पगारी सुट्ट्या किती देता वर्षाला? आकडा सांगा फक्त.

कर्जत_लोकल
महिन्याला दोन. त्यांनी जास्त घेतल्या तरी आम्ही कापत नाही. बहुतेक वेळा.

खडीसाखर
"बहुतेक वेळा" 😀 आणि त्या दोन दिवशी तुमच्याकडची भांडी कोण घासतं कर्जतभाऊ? आमच्याकडे मावशी यायच्या आधी खरकटं काढून भांडी विसळून ठेवायची पद्धत आहे, तीही माझ्याच नावावर. बाई लावली की काम जातं हा गैरसमज आहे, कामाचा एक तुकडा जातो. उरलेला म्हणजे तिच्या वेळेला दार उघडायचं, ती आली नाही तर फोन करायचा, साबण संपला का बघायचं.

कर्जत_लोकल
आमच्याकडे आई घासते, तिला आवडतं.

खडीसाखर
आवडतं!!! आता मी खाली उतरते, स्टेशन आलं.

जर्सीकर
इथे बाई परवडत नाही म्हणून डिशवॉशर आहे. तरी कुकर आणि कढई हातानेच, आणि आत भांडी कुणी लावायची यावर रोज भांडण, कारण नवऱ्याने लावली की वाट्या उपड्या नसतात, पाणी साचतं. मशीनने वाद जात नाही एवढंच सांगायचं होतं.

सांजवात
आमच्याकडे चौथं माणूस म्हणजे सासूबाई, वय ७१, म्हणून माझा प्रश्न उलटा आहे. गुडघ्यांमुळे फरशी आणि बादली त्यांना नको म्हणून मी त्यांना तक्त्यातून काढलं. दोन दिवस अबोला. "माझं आता काही काम नाही का या घरात?" शेवटी बसून करायची सगळी कामं एका ओळीत त्यांच्या नावाने लिहिली: भाजी निवडणं, लसूण सोलणं, रुमाल-नॅपकिनच्या घड्या. ती ओळ फिरत नाही. आता माझी मुलगी म्हणते आजीला सोपं कायमचं आणि मला फिरतं का? मी काय सांगू तिला, तुम्हीच बोला.

हिशेबनीस
सांजवात, मुलीला सांगा तू ७१ ची झालीस की तुलाही मिळेल. गंमत सोडा, तुम्ही बरोबर केलंत. वाकून करायचं एका ओळीत, बसून करायचं दुसऱ्या, ही वाटणी नुसत्या वयापेक्षा बरी.

वडिलोपार्जित, आता दुसरी गडबड. चौघांना एकाच चाकावर बसवू नका, दोन जोड्या करा, एक मोठं आणि एक पोर. घराचे दोन भाग करा. गॅसची बाजू म्हणजे स्वयंपाक आणि ओटा-ताटंपाणी. पाण्याची बाजू म्हणजे भांडी, केर-फरशी, कपडे. आमच्याकडे स्वयंपाक ९० मिनिटं धरून गॅसची बाजू रोज १२० होते, पाण्याची १०३. फार फरक नाही. आता पोरांची मिनिटं ठरवून टाका, धाकट्याला २०, थोरलीला ४०, आणि उरेल ते जोडीतल्या मोठ्याने करायचं. आठवड्याला बाजू बदला, दोन आठवड्यांनी जोडी बदला.

म्हणजे पहिला आठवडा तुम्ही आणि मुलगा गॅसवर, तुम्हाला १०० मिनिटं. वहिनी आणि मुलगी पाण्यावर, वहिनींना ६३. दुसऱ्यात बाजू बदलली की तुम्हाला ८३, त्यांना ८०. तिसऱ्यात मुलगी तुमच्याकडे आणि तुम्ही परत गॅसवर, तुम्हाला ८०, त्यांना ८३. चौथ्यात तुम्हाला ६३ आणि त्यांना १००. दोघांचीही बेरीज ३२६. मुलीला सांगा की भावाला सूट नाही, त्याला त्याची वीस मिनिटं रोज आहेतच, आणि त्याच्या वाट्याचं उरलेलं तिच्यावर येत नाही, आईबाबांवर येतं. पोरं बहुतेक वेळा यावरच अडलेली असतात.

आठ वर्षांच्याला काय द्यायचं: गॅसच्या आठवड्यात ताटं घेणं, पाणी भरणं, मटार सोलणं. पाण्याच्या आठवड्यात चमचे-वाट्या घासणं, मोज्यांच्या जोड्या, एका खोलीचा केर. कुकर, काच, फिनेल नाही.

वडिलोपार्जित
म्हणजे एक आठवडाआड स्वयंपाक मी?? मला खिचडी आणि अंडाभुर्जी येते. पोळ्या येत नाहीत.

खडीसाखर
आठ वर्षांच्या पोराला भांडी येत होती का? शिकवलीत ना? मग.

कर्जत_लोकल
हे सगळं कागदावर छान आहे. मिनिटं लिहीत बसायला घर म्हणजे कारखाना आहे का. आणि पोळ्यांसकट स्वयंपाक ९० मिनिटांत होणार नाही, नवख्या माणसाला दोन तास जातील, मग हिशोब कुठे राहिला?

हिशेबनीस
हे खरं बोललास कर्जत, नाईलाजाने मान्य. पहिला महिना हिशोब चुकतोच. मी माझ्या पहिल्या गॅसच्या आठवड्यात पोळ्या कोपऱ्यावरून विकत आणल्या. बायकोने ते पैसे घरखर्चात न धरता माझ्या खिशातून घेतले, आणि तिसऱ्या महिन्यात मी पोळ्या शिकलो. मिनिटं मात्र एकदाच लिहायची असतात, रोज नाही.

अजून एक, बदल सोमवारी सकाळी ठेवू नका. रविवारी रात्रीची भांडी सिंकमध्ये सोडून "आता तुझा आठवडा" होतं, आमच्याकडे दोनदा झालं. रविवारी दुपारची जेवणं झाल्यावर बदला, नव्या जोडीने सिंक रिकामं बघायचं, जाळीतलं खरकटं काढलेलं बघायचं, मगच ताबा घ्यायचा. आणि गॅस, दूध, साबण संपत आलाय हे लक्षात ठेवणं मिनिटांत बसत नाही, त्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे अजून ते बायकोच करते.

खडीसाखर
धन्यवाद. इतकं तरी कुणी कबूल केलं.

पाटावरवंटा
मोज्यांच्या जोड्या भांड्यांपेक्षा कंटाळवाण्या असतात, हे मी अनुभवाने सांगतो.

वडिलोपार्जित
नऊ दिवसांनी सांगतोय. मिनिटं लिहिली. आमच्याकडे स्वयंपाक ९० नाही, ११५ आहे, कारण दोन वेगळे डबे लागतात आणि मला ते माहीतच नव्हतं. तक्ता बायकोने नवीन केला, माझ्या नावापुढे गॅस पहिल्याच आठवड्यात. काल खिचडी, परवा खिचडी. मुलगा मटार सोलतो आणि अर्धे खातो. मुलीचा एकच प्रश्न राहिलाय: पुढच्या वर्षी दहावी, तेव्हा तिची ४० मिनिटं कुणाकडे जाणार? मी म्हटलं माझ्याकडे. बायको म्हणाली, लिहून दे.