रंगवलेले तांदूळ आणि रेती: रंग फुटू नये म्हणून तुम्ही काय केलं?

भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात पोरांकडून पुठ्ठ्यावर तांदळाचा मोर करून घेतला. खायचा निळा रंग पाण्यात कालवून तांदूळ रंगवले, दोन दिवस वाळवले. पांढऱ्या गमवर टाकले आणि तासाभरात शेजारचे पांढरे दाणे आकाशी झाले. तुमचे अनुभव सांगा.

धानवाली: पाण्यात कालवलं तिथंच चुकलं, ताई. दाणा पाणी पितो, फुगतो, वाळताना तडकतो. मी वाटीभर तांदळाला एक छोटा चमचा पांढरं व्हिनेगर घेते, रंग त्यातच विरघळवते आणि झाकणाच्या डब्यात मिनिटभर हलवते. रंग गडद बसतो.

गोंदियाकर: मी तर मीठ टाकतो. कापडाचा रंग मिठानंच पक्का होते नं?

पुठ्ठेवाला दादा: ते सुती कापडाच्या काही रंगांपुरतं, भाऊ. तांदळाला मीठ लावलं तर पावसाळ्यात ते ओल ओढतं. आणि धानवालीताई, तुमचा रंग छान चढतो हे खरं, पण तो पाण्यात विरघळणाराच राहतो. गम ओला असतो, त्यात तो पुन्हा सुटतो. ताईंच्या मोराचं तेच झालं.

मी अक्रिलिक वापरतो. वाटीभर तांदळाला एक छोटा चमचा, पाणी थेंबभरही नाही. डब्यात हलवून कागदावर एकेरी थर पसरायचा आणि दर दहा मिनिटांनी बोटं फिरवायची, नाहीतर ढेकळं होतात. पूर्ण वाळला की तो पाण्यात सुटत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्यावर दोन-चार दाणे घासून पाहा. डाग पडला तर अजून वाळवा. पोस्टर कलर घेऊ नका, वाळल्यावरही ओल्या बोटाला लागतो.

माहेर आरमोरी: रेतीचं काय? आमच्या रेतीचा रंग हाताला भुकटीसारखा लागला.

पुठ्ठेवाला दादा: नदीची होती? धुतली होती का?

माहेर आरमोरी: चाळली फक्त.

पुठ्ठेवाला दादा: मग रंग रेतीवर नाही, मातीवर बसला. पाणी नितळ निघेपर्यंत धुवा, उन्हात कडक वाळवा, मग अक्रिलिक. रेतीचा दाणा रंग पीत नाही, वरून फक्त साल चढते, म्हणून जास्त चोळली तर थोडा निघतोच. पिवळ्या रेतीवर फिका गुलाबी उठत नाही. आधी पांढऱ्याचा हात द्यावा लागतो.

काकू वरुडच्या: केशरी भाताले मी केशर घालतो, रंग मस्त येते.

धानवाली: काकू, हे खायचे नाहीत! अक्रिलिकचे तर कोंबड्यांनाही टाकू नका. आमच्या अंगणात सांडले होते, वेचता वेचता संध्याकाळ झाली.

गोंदियाकर: रंगवलेल्या तांदळाले सोंडे लागले तर? मागच्या वर्षीच्या डब्यात निघाले.

धानवाली: मी तेजपान ठेवते. कधी जातात, कधी नाही.