मदत हवी आहे: "बेटांवर शत्रू नसतात म्हणून उंदीर आणि केन टोड माजतात" हे वाक्य चालेल का?

कोरांटी

एका निसर्गप्रदर्शनासाठी बाहेरून आलेल्या प्राण्यांवर फलक लिहितेय; त्यात उंदीर आहे आणि ऑस्ट्रेलियात नेलेला केन टोड हा विषारी भेकही. जागा जेमतेम 100 शब्दांची. शीर्षकातलं वाक्य मी कच्च्या मसुद्यात टाकलं होतं, त्यावर तपासणाऱ्या बाईंनी लाल पेनाने लिहिलंय: "उंदीर दुसऱ्याला खातो, टोडला दुसरे खातात. दोघांचं कारण एकच कसं?" प्रश्न रास्त आहे आणि मला उत्तर सुचत नाहीये. कुणी नीट सांगेल का? वाक्य सुधारायचं की फेकायचं?

भटका_कावळा

वाक्य बरोबरच आहे की. मूळ ठिकाणी या प्राण्यांवर रोगांचा, परजीवींचा, शिकाऱ्यांचा वचक असतो. नव्या जागी तो नसतो. केन टोडची मादी एका वेळी हजारो अंडी घालते आणि ऑस्ट्रेलियात टोडची दाटी मूळच्या दक्षिण अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त आहे. उंदराचंही तेच. संख्या फुगली की स्थानिकांच्या तोंडचा घास जातो. बाईंना एवढं सांगा.

खारावारा

कावळेभाऊ, दाटीबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, पण त्याने संहाराचा उलगडा होत नाही. संख्या हेच कारण असतं तर नुकसान संख्येबरोबर हळूहळू वाढलं असतं. प्रत्यक्षात टोडची पहिली फळी पोचते तेव्हाच, म्हणजे टोड अजून विरळ असतानाच, क्वोल हे तिथले छोटे शिकारी प्राणी आणि मोठ्या घोरपडी मरतात. क्वोलने एक मोठा टोड तोंडात धरला तरी तो संपतो. तिथे घास पळवण्याचा प्रश्नच येत नाही.

कोरांटी, दोघांचं कारण खरंच एक आहे, फक्त ते पाहुण्यात शोधायचं नाही, यजमानात शोधायचं. उंदरापुरतं मी सांगतो, टोडचं कुणी जाणकार सांगेल.

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला स्ट्युअर्ट बेटाजवळ बिग साउथ केप नावाचं बेट आहे, माओरी नाव तौकिहेपा. क्षेत्रफळ सुमारे 9 चौरस किलोमीटर. न्यूझीलंडला वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा स्थानिक सस्तन प्राणीच नव्हता. तिथल्या पक्ष्यांचे जुने शत्रू म्हणजे ससाण्यासारखे, डोळ्यांनी शिकार करणारे पक्षी. त्यांच्यापुढे निश्चल बसून राहणं हा उत्तम बचाव. शिवाय रात्री जमिनीवर निर्धास्त झोपता येतं.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला बहुधा होड्यांवरून काळा उंदीर तिथे उतरला. तो वासाने शोधतो, रात्री फिरतो, झाडावर चढतो आणि बिळात शिरतो. त्याच्यापुढे निश्चल बसणारा पक्षी म्हणजे वाढलेलं ताट. 1964 मध्ये उंदरांचा सुळसुळाट लक्षात आला. तेव्हा काही तज्ज्ञांनीच "उंदरांनी एवढं काय होणार" म्हणून हस्तक्षेपाला विरोध केला. वन्यजीव विभागाच्या लोकांनी तरी 36 सॅडलबॅक पक्षी धरून शेजारच्या उंदीरमुक्त बेटांवर नेले. आज दक्षिणेकडचे सगळे सॅडलबॅक त्या 36 चे वंशज आहेत. सहा बुश रेन पक्षीही हलवले होते, पण ते तगले नाहीत. पकडलेले दोन स्नाइप पक्षी मेले. वटवाघळाची एक जात तर हलवताच आली नाही. या तिन्ही जाती गेल्या.

पण त्याच बेटावर काळपट शिअरवॉटर हा समुद्रपक्षी टिकला. उंदीर तोच, बेट तेच. फरक असा, की हा पक्षी पाऊण किलोच्या आसपास भरतो, चावतो, आणि त्याची वस्ती अफाट. म्हणून फलकावर "उंदीर आले की सगळं संपतं" असं लिहू नका.

माळा_उंदीर_आणि_मी

आमच्या माळ्यावर दोन महिने झाले खुडखुड चालू आहे. तुमच्या बेटांवर कुठलं औषध टाकतात? एकदम साफ होतात म्हणे. नाव सांगा, आणतो.

खारावारा

धागा चुकलात. ते रक्त गोठू न देणारं विष असतं आणि मेलेला उंदीर खाणारी मांजर, घुबडही त्याने मरतं. बेटावर सगळा पसारा एकदाच करतात, तिथले पक्षी आधी धरून पिंजऱ्यात ठेवतात. माळ्यावर पिंजरा आणि भोकं बुजवणं हेच करा. बोटाच्या पेराएवढं भोकही पुरतं त्यांना.

विषारी_गोड

टोडचं मी सांगते.

केन टोडच्या कानामागच्या ग्रंथींत आणि कातडीत जे विष असतं, ते हृदयाच्या पेशीतल्या सोडियम-पोटॅशियम पंपाला जाऊन चिकटतं. पंप बंद पडला की ठोके बिघडतात. आता गंमत बघा. आशियातल्या घोरपडींचा हा पंप थोड्या वेगळ्या घडणीचा असतो, विष त्याला नीट चिकटत नाही. कारण आशियात भेकं पूर्वापार आहेत आणि घोरपडी ती खात आल्या आहेत. ऑस्ट्रेलियन घोरपडींचे पूर्वज आशियातूनच गेले. ऑस्ट्रेलियात मात्र अस्सल भेक जातच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या भेकाशी गाठ न पडल्याने ती घडण त्यांच्यातून गेली. फरक किती, तर जनुकातली चार अक्षरं.

म्हणजे यजमानाकडे एकेकाळी कुलूप होतं. चोरच नाही म्हणून किल्ली हरवली, आणि 1935 मध्ये उसातल्या भुंगेऱ्यांवर उपाय म्हणून माणसाने हवाईहून सुमारे शंभर टोड आणून चोराला घरात घेतलं. अवांतर: भुंगेरे उसाच्या शेंड्याला बसायचे, टोड जमिनीवर, आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या मातीखाली. टोडने उसाचं काही भलं केलं नाही.

भटका_कावळा

बरं, संख्येचा हट्ट सोडतो. पण मग बेटावर मांजर सोडली की उंदरांचा प्रश्न मिटेल ना? तीही शिकारी, तोही शिकारी.

खारावारा

उलट बाजूने बघा. न्यूझीलंडच्याच लिटल बॅरियर बेटावर 1980 पर्यंत मांजरं काढून टाकली. अपेक्षा अशी की कुक पेट्रेल या समुद्रपक्ष्याची पिल्लं वाढतील. झालं भलतंच. मांजरं गेली, पॅसिफिक उंदरांवरचा धाक गेला, आणि घरट्यांचं यश सुमारे एक तृतीयांशावरून दहाव्या हिश्श्यावर घसरलं. 2004 मध्ये उंदीरही काढले तेव्हा ते निम्म्याच्या वर गेलं. घसरण डोंगरावरच्या वस्तीत दिसली, खालच्या भागात तितकी नाही, त्यामुळे सगळीकडे असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण मांजर उंदराला आवरते त्याच वेळी मोठे पक्षीही मारते. दोन चोरांपैकी एक पहारेकरी नेमल्यासारखं होतं ते.

कोरांटी

आता उलगडतंय. एक शंका राहिली. एका जुन्या नोंदीत वाचलं की उंदीर आल्यानंतर वीस वर्षांनीही एका बेटावर समुद्रपक्षी भरपूर दिसत होते. मग उंदरांनी काही केलंच नाही असं समजायचं का?

खारावारा

हीच फसगत बहुतेकांची होते. आकडे मी समजावण्यापुरते घेतोय, कुठल्या एका बेटाचे नाहीत.

समजा 1000 जोड्या, म्हणजे 2000 प्रौढ पेट्रेल. दरवर्षी 100 पैकी 7 प्रौढ मरतात, म्हणजे 140 गेले. जोडी वर्षाला एकच अंडं घालते. निम्म्या अंड्यांतून पिल्लू उडालं तर 500 पिल्लं, आणि त्यातली 140 च्या आसपास सहा वर्षांनी वीणीला परत आली तर वस्ती स्थिर राहते. आता उंदीर पिल्लं खाऊ लागले आणि 500 ऐवजी 50 च उडाली. परत येणारी 14. पण ही 14 येणार सहा वर्षांनी! तोवर आधी जन्मलेली पिल्लं येत राहतात आणि बेट गजबजलेलं दिसतं. त्यानंतर वस्ती वर्षाला साधारण 6 टक्क्यांनी घटते, म्हणजे निम्मी व्हायला आणखी अकरा-बारा वर्षं. वीस वर्षांनी पाहणाऱ्याला आठशेच्या आसपास म्हातारे पक्षी दिसणारच.

लहान स्टॉर्म पेट्रेलमध्ये उंदीर प्रौढांनाही मारतो. समजा तिथे प्रौढांचा मृत्युदर 7 वरून 20 टक्के झाला आणि पिल्लंही उरेनात, तर आधीची पिल्लं परतायची थांबली की तीन-चार वर्षांत निम्मी वस्ती जाते. म्हणून प्रौढ मोजून निष्कर्ष काढू नका, उडून जाणारी पिल्लं मोजा.

आणि कुरतडलेलं अंडं दिसलं की लगेच उंदराचा गुन्हा ठरवू नका. दातांच्या जोडीने उठलेल्या समांतर खाचा असल्या तरी ते आधीच सोडलेलं, थंड अंडं असू शकतं. घरट्यावर कॅमेरा लावला तरच कळतं की पक्षी बसलेला असताना उंदीर आला का. आजूबाजूला शेंगदाण्याचं लोणी लावलेल्या मेणाच्या पट्ट्या ठेवल्या तर उंदीर आहे की नाही एवढं समजतं, पण खून कुणी केला ते नाही.

पाणथळ

एक भर घालतो. ज्या उष्ण बेटांवर मोठे जमिनीवरचे खेकडे आहेत, तिथे समुद्रपक्ष्यांचं उंदरांमुळे तुलनेने कमी नुकसान झालं आहे. खेकडेही अंडी-पिल्लं पळवतात, म्हणजे तिथल्या पक्ष्यांना जमिनीवरच्या चोराची सवय होती. पण हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर खेकडे भरपूर असूनही तिथला स्थानिक मॅक्लियर उंदीर 1903 च्या सुमारास नामशेष झाला. जहाजांवरून आलेल्या काळ्या उंदरांनी आणलेल्या परजीवीमुळे. तिथे खाणं नाही, आजार. त्यामुळे "एकच कारण" या शब्दाला माझी हरकत आहे.

विषारी_गोड

हरकत मान्य, पण तो आजारही स्थानिक उंदराच्या शरीराला अनोळखीच होता.

किल्ली किती लवकर हरवते याचं सगळ्यात बोलकं उदाहरण क्वोलचंच आहे. टोडपासून वाचवायला 2003 मध्ये 64 क्वोल ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याजवळच्या दोन बेटांवर नेले. तिथे टोड नाहीत, डिंगो हे ऑस्ट्रेलियाचे रानकुत्रे आणि मांजरंही नाहीत. क्वोल फोफावले. तेरा पिढ्यांनी त्यांची परीक्षा घेतली, तर डिंगो आणि मांजराच्या वासाला ते दचकेनासे झाले होते. क्वोलची पिढी साधारण वर्षाची, म्हणजे जेमतेम तेरा वर्षांत. टोड न खाण्याचं शिक्षण देता येतं. मळमळ आणणारं औषध मिसळलेलं टोडचं मांस चारलं की काही क्वोल पुढे टोडला तोंड लावत नाहीत. त्या बेटांवरचे असे शिकवलेले क्वोल मुख्य भूमीवर सोडले, तर ते टोडपासून वाचले आणि डिंगोने मारले. ही सावधगिरी शिकवून परत आणता येते की तिच्यासाठी शिकाऱ्यांच्या सहवासातच पिढ्या वाढवाव्या लागतात, यावर जाणकारांत एकमत नाही.

कोरांटी

नवा मसुदा: "अलग पडलेल्या जागी ज्या शत्रूशी गाठच पडली नाही, त्याच्याविरुद्धचा बचाव हळूहळू नाहीसा होतो. मग उंदीर आला की पक्षी पळत नाही, आणि टोड आला की घोरपड त्याला सोडत नाही." चालेल?

भटका_कावळा

मस्त. पण ऑस्ट्रेलियाला बेट म्हणणार का? तो खंड आहे.

विषारी_गोड

त्यांनी "अलग पडलेल्या जागी" लिहिलंय, बेट नाही. फक्त "हळूहळू" काढा. क्वोलला तेरा वर्षं पुरली.