बातम्यांच्या मागे मागे बोलून कान तयार करणं : तुमचे अनुभव लिहा

सुरंगी
काल रत्नागिरी-लांजा एसटीत शेजारी एक मुलगी बसलेली, कानात इयरफोन आणि ओठ सतत हलतायत, मला वाटलं जप करतेय. मग मधेच 'बुंडेसरेगीरुंग' ऐकू आलं आणि पुण्यातलं होस्टेल, गच्ची, माझं जर्मनचं बी-टू सगळं एकदम आठवलं. मी पण हेच करायचे. जर्मन बातम्या लावायच्या आणि वाचणारा जे बोलतोय ते अर्धा-एक सेकंद मागे राहून, न थांबवता, तसंच बोलत जायचं. शॅडोइंग.

त्याआधीची पातळी, बी-वन, झाली की एक विचित्र अवस्था येते, पेपर वाचला तर कळतं पण तेच कोणी वाचून दाखवलं की निसटतं. त्यासाठी हे. मी डॉइचे वेलेच्या 'लांगझाम गेश्प्रोखने नाखरिष्टन' घ्यायचे, म्हणजे सावकाश वाचलेल्या बातम्या, कारण सोबत मजकूर असतो. पूर्ण बुलेटिन कधीच नाही, एकच बातमी, तीस-चाळीस सेकंदांची. आधी मजकूर न बघता दोनदा ऐकायची आणि मराठीत स्वतःला सांगायचं की कोणी काय केलं. मग मजकूर वाचायचा, चार-पाचाच्या वर शब्द अडले तर ती बातमी सोडून दुसरी. मग ऑडिओबरोबर बघून वाचायचं, मग कागद उलटा ठेवून पाच-सहा वेळा मागे मागे, आणि शेवटची फेरी मोबाईलवर रेकॉर्ड करून पेन्सिलने मजकुरावर खुणा, कुठे गाळलं, कुठे वेगळंच बोललं.

कोणी केलंय का? कुठल्या बातम्या घेतल्या, कुठे अडलात, लिहा.

बाबल
माझा चेडू जर्मन शिकता, सकाळपासून एकटाच बडबडता. आता समाजला कित्याक. आवशीक दाखवतंय ह्यां.

खाडीकाठ
सावकाश बातम्यांत वेळ घालवू नका असं माझं मत. मी पहिल्यापासून 'टागेसशाउ इन हुंडर्ट झेकुंडन' लावतो, शंभर सेकंदात सगळ्या बातम्या, आणि सवय झाली की १.२५ वर. नंतर नॉर्मल स्पीड संथ वाटतो. मजकूर वगैरे बघतच नाही, जे ऐकू आलं ते बोलायचं.

कोकम_सरबत
सुरंगी लांज्याची का ग तू? आमचं पण तिकडचंच. गणपतीचं रेल्वेचं बुकिंग मिळालं का कोणाला? आमचं वेटिंगच आहे अजून

केळशीची मास्तरीण
खाडीकाठ, एक गोष्ट तुमची बरोबर आहे. सावकाश वाचनात शब्दांमधे मोकळी जागा असते, खऱ्या बोलण्यात शब्द एकमेकांना चिकटतात, 'हाबेन'चं 'हाब्म' होतं, म्हणून नुसतं संथ ऐकत राहिलं तर कान तिथेच थांबतो. पण मजकूर न बघता बोलण्यात मोठा धोका आहे, चूक कळतच नाही. ऐकू नाही आलं तिथे तोंड काहीतरी जुळणारं बोलून पुढे जातं आणि आपल्याला वाटतं जमलं.

माझ्या शिकवणीतल्या एका मुलीचं सांगते. वाक्य साधं होतं: 'दी रेगीरुंग लेन्ट डेन फोरश्लाग डेर ओपोझित्सिओन त्सुअर झेन्कुंग डेर श्टॉयर्न आप.' सरकारने कर कमी करायचा विरोधकांचा प्रस्ताव फेटाळला. रेकॉर्डिंगमधे तिचं सगळं छान, उच्चारही चांगले, पण 'श्टॉयर्न'नंतर थेट पुढचं वाक्य सुरू. शेवटचं 'आप' गायब. विचारलं काय झालं बातमीत, तर म्हणाली सरकार कर कमी करणार. एका अक्षराने बातमी उलटी. 'आपलेनेन' म्हणजे फेटाळणं, हे क्रियापद तिला कागदावर चांगलं माहीत होतं, वाचताना कधीच अडली नसती. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं म्हणून आपल्याला थांबायची सवय आहे, पण इथे त्याचा 'लेन्ट' हा अर्धा भाग आधीच येऊन गेलेला असतो म्हणून कान निर्धास्त होतो.

अशा वेळी सगळं वाक्य पुन्हा दहा वेळा बोलून फारसं काही होत नाही. मी मागून घ्यायला लावते. 'श्टॉयर्न आप', मग 'झेन्कुंग डेर श्टॉयर्न आप', मग अख्खं. आणि थोडं जास्त मागे राहायला सांगते, दोन-तीन शब्द. अगदी चिकटून बोललं की नुसता आवाज परत काढला जातो, अर्थ डोक्यात शिरतच नाही. फार मागे राहिलं तर वाक्य हातातून सुटतं. प्रत्येकाचं अंतर वेगळं असतं, ते शोधावं लागतं.

खाडीकाठ
'आप'चं पटलं. पण शंभर सेकंदवाल्याला मजकूर कुठून आणायचा?

केळशीची मास्तरीण
रात्री आठच्या मोठ्या टागेसशाउला सबटायटल असतात, मीडियाथेकमधे बघा. फक्त स्टुडिओतून वाचलेला भाग घ्या, मधले रिपोर्ट आणि रस्त्यावरच्या मुलाखती आत्ता नकोत. आणि आठवडाभर एकाच विषयाच्या बातम्या घ्या, संप असेल तर संप. नावं आणि ठरलेले शब्द दोन दिवसांत ओळखीचे होतात, मग सगळं लक्ष आवाजाकडे देता येतं. रोज नवा विषय घेतला की रोज नवीन नावांवरच ठेचकाळायला होतं.

देवगडवाली
मी नर्स, आता श्टुटगार्टजवळ. सुट्टीवर आलेय म्हणून वाचतेय. बातम्यांचं शॅडोइंग मी भरपूर केलं, परीक्षेला फायदा झाला, पण वॉर्डात पहिल्या दिवशी एक आजोबा बोलले ते काही म्हणजे काही कळलं नाही. श्वेबिश बोलीत 'इष' चं 'इ' होतं, 'निष्त'चं 'नेट'. बातम्या वाचणाऱ्यासारखं तिथे कोणीच बोलत नाही. बी-टूच्या ऐकण्याच्या पेपरात पण चार भाग असतात, पहिल्यात साधी छोटी संभाषणं आणि ती एकदाच ऐकवतात, तिथे बातम्यांचा सराव थोडाच पुरतो. जे येणारेत त्यांनी शेवटचे काही महिने तरी गप्पांचे, मुलाखतींचे ऑडिओ घ्या. (आंबे संपले का हो सगळे? मला एक पेटी पण मिळाली नाही यंदा)

बाबल
आंबो कधीच संपलो. फणस हत, येवा.

माडाखाली
माझा मुलगा आठवीत आहे, इंग्रजी उच्चार सुधारायला इंग्रजी बातम्या लावून मागे बोलायला लावू का? घरात टीव्ही चालूच असतो तसाही.

सुरंगी
@माडाखाली हे उच्चारापेक्षा ऐकायचं आहे हो, उच्चार थोडाफार सुधारतो पण मुद्दा तो नाही. आठवीच्या मुलाला बातम्यांत शब्दच इतके नवीन येतील की तो कंटाळेल. वाचून सहज कळतं त्यापेक्षा जरा सोपंच लागतं याला. आणि टीव्हीवर मागे वाद्य, पट्ट्या, चारजण एकदम बोलणारे, त्यात काय मागे बोलणार.

गुहागरची जाई
जपानीला चालेल का हे? मी एन-थ्री झाले आणि आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर

केळशीची मास्तरीण
जाई, जपानात भाषा शिकवताना हे खूप वापरतात. एनएचकेच्या सोप्या बातम्यांना मजकूर पण असतो, त्यावर सुरू कर. ऑडिओ डाउनलोड करून ठेवता आला तर गच्चीची गरज नाही.

खाडीकाठ
आज एक बातमी रेकॉर्ड करून सबटायटलशी ताडून पाहिली. 'ड्रायउंडफिअर्त्सिष' म्हणजे ४३, मी ३४ म्हटलंय. आकडे दोनदा चुकलेत, बाकी 'डेन' 'डेम' तर बरेच. हे सगळं दुरुस्त करायचं का एकेक?

केळशीची मास्तरीण
आकडे आणि क्रियापद आधी, कारण तिथे बातमी बदलते. 'डेन', 'डेम'ला सध्या नुसती खूण करा. पण 'डेम' तुम्हाला ऐकूच येत नाही की ऐकू येतं आणि तोंडात येत नाही हे रेकॉर्डिंगवरून कळत नाही. तेवढं वाक्य थांबवून लिहून बघा, लिहिलेलं बरोबर आलं तर कान ठीक आहे.

कोकम_सरबत
वेटिंग चार झालं!! मास्तरीणबाई, केळशीला क्लास घेता का ऑनलाईन?