दांडा वर की दांडा खाली? डिशवॉशरमधल्या चमच्यांचे अनुभव सांगा

सोनटक्का
आज सकाळी डिशवॉशर रिकामा करताना दोन चमचे एकमेकांच्या कुशीत घट्ट बसलेले सापडले. ओढून वेगळे केले तर आतल्याच्या पाठीवर ओट्सचा थर तसाच, वाळून कडक झालेला. आणि एकदम आत्या आठवली. तिच्याकडे मशीन नव्हतं. पण धुतलेले चमचे ती फडक्यावर एकेक सुटा मांडायची, कधीच जुडी करून ठेवायची नाही. "चमच्यावर चमचा बसला की मधल्या पाण्याला वाटच राहत नाही गं," म्हणायची. मी लहान होते, तेव्हा ते उगाचचं काम वाटायचं.

माझे बारा चमचे एकाच सेटचे आहेत. टोपलीच्या दोन कप्प्यांत सहा-सहा, सगळे दांडा खाली आणि तोंड वर. दर वेळी चार-पाच तरी डाग घेऊन निघतात. तुम्ही कसे लावता?

काजवा
दांडा खालीच. तोंड वर असलं की पाणी नीट लागतं. तुमचं बरोबर आहे, मशीन तपासून घ्या.

रानजाई
मी उलट, सगळं दांडा वर. काढताना हात फक्त दांड्याला लागतो. धुतलेल्या चमच्याच्या तोंडाला बोटं लावायची तर धुतला कशाला? सुऱ्या तर पात खालीच हव्यात. माझ्या भाच्याचा हात एकदा टोपलीवर पडला आणि उभ्या सुरीने तळवा कापला, तेव्हापासून घरात हा नियमच आहे.

बिजागरी
अगं बाई. किती टाके?

रानजाई
तीन. आता बरा आहे, पण टोपली दिसली की लांबूनच जातो.

पान्हा
ही मशीनं दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली. सोनटक्काताई, मशीनला दोष देण्याआधी डाग चमच्यावर नेमका कुठे आहे ते बघा.

आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखी रेघ असेल तर ती शेजारच्या चमच्याच्या कडेची खूण. दोन चमचे एकमेकांत बसले की मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा अडकतो. फवारा तिथे पोचत नाही, म्हणून खरकटं राहतं. आणि तो पापुद्रा फक्त कडेने वाळतो, म्हणून पाण्यातले क्षार कडेलाच जमतात. हे दांडा वर किंवा खाली असण्यामुळे होत नाही. सगळे एकाच दिशेला आणि एकाच आकाराचे असले की होतं. दांडा वर केलात तरी सहा तोंडं खाली एकमेकांत बसणारच.

मी एक दांडा वर, एक दांडा खाली असे लावायला सांगतो. शेजारच्या दोघांची तोंडं एका पातळीवर आली नाहीत तर ती एकमेकांत बसू शकत नाहीत. शिवाय एका कप्प्यात फक्त चमचे नकोत, मध्ये काटा घाला. सहाऐवजी चारच ठेवा.

काजवा
पण रिन्स एड घातलं की हे सगळं करायची गरज उरत नाही ना? आमच्याकडे घालायला लागल्यापासून ग्लास चकाचक आहेत.

पान्हा
ग्लासांच्या बाबतीत पटलं. रिन्स एडमुळे पाण्याचे थेंब न राहता ते पसरून ओघळून जातं, म्हणून उघड्या पृष्ठभागावर डाग कमी पडतात. पण चिकटलेल्या चमच्यांमधलं पाणी ओघळणार कुठून? आणि ओट्स तर त्याने निघतच नाहीत.

हिरवा_चाफा
आमच्याकडे जाळी ओट्याला लावलेली आहे, स्टीलची, खाली ताटली. चमचे दांडा खाली ठेवले की ताटलीत पाणी साचून दांडे बुळबुळीत होतात. ताटली रोज ओतायला हवी एवढंच सांगते.

बिजागरी
चाफा, डिशवॉशरच्या आतल्या टोपलीबद्दल चाललंय :) पण ताटलीचं खरं आहे, माझीही परवाच घासली.

हिरवा_चाफा
अरेच्चा! फोनवर घाईत वाचलं. राहू दे, कोणाला तरी उपयोग होईल.

कंदील
माझ्या टोपलीला वर खाचांचं झाकण आहे, एका खाचेत एकच दांडा जातो. सुरुवातीला कटकट वाटली म्हणून काढून ठेवलं होतं. डाग पडायला लागले तेव्हा परत बसवलं. चिकटणं बंद झालं, पण लावायला वेळ लागतो आणि जाड दांड्याचे चमचे खाचेत जातच नाहीत.

एक विचारायचं होतं. बाळाचा चांदीचा चमचा स्टीलच्या चमच्यांबरोबर एकाच कप्प्यात घातला होता, त्यावर काळे ठिपके आलेत. घासून जात नाहीत.

पान्हा
चांदी आणि स्टील ओलं असताना एकमेकांना टेकू देऊ नका. तो चमचा हातानेच धुवा. ठिपके खोल गेले असतील तर सराफाकडे दाखवा, घरी घासून ते आणखी वाढवू नका.

बिजागरी
दांडा खालीवाल्यांसाठी माझा अनुभव. पातळ दांड्याचा लहान चमचा टोपलीच्या तळातल्या भोकातून खाली उतरला आणि फवाऱ्याचा फिरता हात त्याला अडला. वरच्या रॅकमधले कप स्वच्छ, खालची ताटं अर्धी तशीच. दोन दिवस मी पावडर बदलत बसले. आता बटण दाबण्याआधी तो हात बोटाने एक फेरी फिरवून बघते. कुठे टक्क आवाज आला की चमचा शोधायचा.

सोनटक्का
पान्हा, बघितलं. पाच डागी चमच्यांपैकी तिघांवर चंद्रकोर आहे, अगदी तुम्ही म्हणालात तशी. दोघांवर सगळीकडे पांढरट धूसर आहे, ग्लासांवरही तसंच. ते काय?

पान्हा
ते वेगळं. थोडं व्हिनेगर कापडावर घेऊन पुसून बघा. निघालं तर पाण्यातले क्षार आहेत, मशीनमधलं मीठ संपलंय का ते तपासा. चमचे कसेही लावले तरी ते थांबणार नाही.

सोनटक्का
निघालं! मिठाचा डबा रिकामा होता, दिवा लागला होता आणि मी लक्षच दिलं नव्हतं.

सोनटक्का
चार दिवसांनी परत आले. मीठ भरलं. आता तीन कप्प्यांत चार-चार चमचे, एक वर एक खाली, मध्ये एकेक काटा. सुऱ्या वेगळ्या कप्प्यात, पात खाली. तीन वेळा मशीन लावलं, एकही जोडी चिकटली नाही, चंद्रकोर नाही. फक्त ज्यांचं तोंड खाली असतं त्यांच्या टोकाशी एक ठिपका राहतो.

पान्हा
तोंडाचं टोक टोपलीच्या तळाला टेकतं, शेवटचा थेंब तिथेच थांबतो. मशीन थांबल्यावर टोपली एकदा हलवून थेंब झटका आणि दार थोडं उघडं ठेवा. कमी होईल, पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. आणि खालचा रॅक आधी रिकामा करा, नाहीतर वरच्या कपांच्या बुडातलं पाणी चमच्यांवर सांडतं.

रानजाई
म्हणजे अर्धे चमचे तोंडाला धरूनच काढायचे? मला नाही पटत. मी दांडा वरच ठेवणार, फक्त कप्प्यात दोन-दोनच घालेन.

पान्हा
दोनच असतील तर चालेल की.

काजवा
आणि काटे? टोकं वर की खाली? आमच्याकडे टोकांमध्ये अंडं अडकतं, म्हणून मी वर ठेवतो. बायको म्हणते हाताला टोचतात.

बिजागरी
दोघंही बरोबर आहात. कुकर झालाय, नंतर लिहिते.