आईचा 'फॅट बर्नर' चहा आणि पोटाचा घेर : सल्ला हवा आहे

मृण्मयी_नाशिक
नमस्कार मंडळी. आईचं वय ५८, बीपीची गोळी चालू आहे. सोसायटीतल्या एका काकूंकडून तिने डिटॉक्स चहा घेतलाय. रात्री झोपताना एक पुडी गरम पाण्यात, बस. आठ दिवसांत वजन अडीच किलो उतरलं, त्यामुळे ती भलतीच खूश आहे आणि आता मलाही घ्यायला सांगतेय. पण सकाळी तीन-चारदा जावं लागतं आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. काकू म्हणतात, विषारी द्रव्यं बाहेर पडताना असं होतंच.
दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यापेक्षा सौम्य असा एखादा चहा कुणी सुचवेल का? आणि तिचे हातपाय बारीक आहेत, फक्त पोट सुटलंय, तर तेवढंच कमी करायला कुठला व्यायाम द्यावा?

शिरीष_७१
चहा सोडा, सकाळी अनशापोटी दुधीचा रस सुरू करा. दुधीत पाणीच जास्त, उष्मांक नगण्य. आमच्या बागेतल्या ग्रुपमध्ये सगळे घेतात. चव कडवट लागली तरी नाक दाबून प्यायचा, कडू तेच औषध. घाम काढणारा पट्टाही पोटाला बांधा, एका तासात फरक दिसतो.

औषधवाला_सातारा
मृण्मयीताई, दुसरा चहा सुचवण्याआधी आहे त्या पुडीवरचं बारीक अक्षर वाचा. सेन्ना, सोनामुखी किंवा सनाय लिहिलंय का? रात्री घेऊन सकाळी जुलाब ही तिचीच खूण, कारण तिला काम करायला साधारण सहा ते बारा तास लागतात. माझ्या दुकानात बद्धकोष्ठासाठी हीच सोनामुखी मागतात. म्हणजे आई रोज रेचक घेतेय.

सोनामुखी काम करते ती मोठ्या आतड्यात. जेवणातलं पिठूळ, तेल, प्रथिनं तोवर लहान आतड्यात शोषून झालेली असतात. त्यामुळे बाहेर पडतं ते मुख्यतः पाणी, क्षार आणि मळ. चरबी आहे तिथेच राहते.

हिशोब करून बघा. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० उष्मांक. अडीच किलोचे झाले १९,००० च्या वर. आठ दिवसांत विभागले तर रोज सुमारे २,४०० ची तूट पडायला हवी. आईचं दिवसभराचं खाणंच १,६०० च्या आसपास असेल. अगदी निर्जळी उपास केला असता तरी एवढी चरबी गेली नसती. चहा बंद केल्यावर थोड्याच दिवसांत काटा परत वर जाईल, तेव्हा नेमकं काय गेलं होतं ते कळेल.

मला काळजी वाटतेय ती गोळ्यांची. जुलाबातून पोटॅशियम जातं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, पाकिटावर क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड असं नाव दिसेल, तर तिकडूनही पोटॅशियम जातं. ते फार खाली गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. चहा आजच थांबवा. उद्या तिच्या डॉक्टरांना पुडी दाखवा आणि रक्तातलं सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या. बीपीची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. चक्कर, छातीत धडधड किंवा फार अशक्तपणा वाटला तर उद्याची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

शिरीषकाका, कडू दुधीचा रस पिऊ नका आणि कुणाला सांगूही नका. तो कडवटपणा विषारी असतो. त्याने रक्ताच्या उलट्या झाल्यात, माणसं दगावलीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. दुधी चिरल्यावर तुकडा जिभेला लावून बघायचा, जराही कडू लागला तर अख्खा टाकायचा.

शिरीष_७१
कडू दुधीचं हे माहीत नव्हतं, ग्रुपवर आजच टाकतो. पण पट्टा बांधून नंतर सोडल्यावर माझी पँट सैल होते, ते मी स्वतः अनुभवलंय.

अश्विनी_फिजिओ
काका, पट्ट्याखाली घाम जातो आणि दाबामुळे कातडीतलं पाणी थोडा वेळ बाजूला सरकतं. दोन पेले पाणी प्यायलात की वजन पूर्ववत.

जागेवरच्या चरबीबद्दल सांगते. पोटाचा स्नायू आपल्यावरच्या थरातून थेट चरबी ओढून घेत नाही. चरबीच्या पेशी आपला साठा रक्तात सोडतात आणि जो स्नायू काम करतोय तो तिथून उचलतो. कुठल्या भागाने आधी साठा सोडायचा हे हार्मोन, वय आणि घराण्याची ठेवण ठरवतात. १९७१ मध्ये टेनिस खेळाडूंचे दोन्ही हात मोजले होते. खेळणाऱ्या हाताचा स्नायू मोठा भरला, पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांत सारखाच. वर्षानुवर्षं एकाच हाताने खेळूनही!

जिमवाला_पुणे
पण ताई, २०२३ चा एक अभ्यास आहे ना, पोटाचा व्यायाम बराच वेळ केल्यावर धडावरची चरबी थोडी जास्त गेली असा?

अश्विनी_फिजिओ
आहे, मी वाचलाय. थोडेच पुरुष होते आणि फरकही लहान होता. मी तो नाकारत नाही, पण त्याच्या भरवशावर ५८ वर्षांच्या बाईंना क्रंचेस देणार नाही. आईंना, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं भरभर चालणं आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. वजनापेक्षा बेंबीच्या पातळीवर टेपने घेर मोजा, दर पंधरा दिवसांनी, सकाळी, श्वास सोडून. आपल्याकडे बायकांसाठी ८० सेंटीमीटरच्या वर घेर गेला की साखर-बीपीचा धोका वाढलेला धरतात.

नेहा_ठाणे
माझं पण पोटच! बाळ दीड वर्षाचं झालं, वजन लग्नाआधीएवढं आलंय, तरी संध्याकाळी पाचव्या महिन्यासारखं दिसतं. रोज प्लँक करते. मी कुठला चहा घेऊ? अजून अंगावर पाजतेय.

अश्विनी_फिजिओ
नेहा, अंगावर पाजताना असा कुठलाच चहा नको. आणि तुझ्या बाबतीत ही चरबी नसावी. उताणी झोप, गुडघे वाकव, बेंबीच्या जरा वर बोटं आडवी ठेव आणि डोकं हळूच उचल. मध्ये दोन बोटांहून जास्त खाच लागली किंवा घडीसारखा उंचवटा वर आला, तर पोटाचे उभे स्नायू अजून फाकलेले आहेत. तसं असेल तर प्लँकने उंचवटा वाढतो. तो बंद ठेव आणि जवळच्या फिजिओला प्रत्यक्ष दाखव.

औषधवाला_सातारा
अजून एक. चहाने जुलाब न होता भूकच मेली, तोंड कोरडं पडलं, झोप उडाली, छाती धडधडली, तर त्यात सिब्युट्रामीन हे भूक मारणारं औषध मिसळल्याची शंका घ्या. हृदयाच्या धोक्यामुळे २०११ मध्ये आपल्याकडे त्यावर बंदी आली, पण वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ते जगभर सापडत आलंय. वेष्टनावर ते लिहिलेलं नसतं आणि चवीवरून ओळखता येत नाही.

मृण्मयी_नाशिक
पुडी बघितली. घटकांत पहिलंच नाव 'सेन्ना लीव्हज्', आणि बीपीच्या पाकिटावर क्लोरथॅलिडोन आहे. चहा बंद केलाय, सकाळी रक्त द्यायला नेते. चालायला ती तयार आहे. पण वजन परत वाढलं तर ती पुन्हा काकूंकडे जाईल अशी भीती वाटते. आणि चहा बंद केल्यावर पोट साफच झालं नाही तर काय द्यायचं?

औषधवाला_सातारा
पहिले काही दिवस पोट कुरकुरेल आणि अंगावर थोडी सूजही येऊ शकते, कारण शरीर गेलेलं पाणी धरून ठेवतं. वजन वाढेल ते त्या पाण्याचं, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. दोन आठवडे काटा कपाटात ठेवलात तर उत्तम. पोटासाठी पेलाभर पाण्यातून चमचाभर इसबगोल, बीपीच्या गोळीपासून दोन तास अंतर ठेवून, पण तेही उद्या डॉक्टरांना विचारूनच. काकूंनी ही पुडी आणखी कुणा बीपीवाल्यांना दिलीय का, तेवढं त्यांना विचारा.