सल्ला हवा: श्रीरंगपट्टणच्या सहलीत मुलांना लोखंडी बाणांची गोष्ट कशी सांगावी?

करवीरची_बाई:
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेची नववीची सहल मैसूर-श्रीरंगपट्टणला जाणार आहे. विज्ञान आणि इतिहास दोन्ही माझ्याकडेच आहेत, म्हणून जाण्याआधी दोन तास ‘फटाक्यातला बाण लढाईत कसा आला’ यावर घ्यायचे ठरवले आहे. टिपूच्या फौजेचे बाण, म्हणजे रॉकेट, लोखंडी नळीचे होते हे पुस्तकात एका ओळीत येते आणि संपते. मुले नेमके तिथेच विचारणार, की लोखंड लावल्याने असे काय बदलले? त्याचे समजेल असे उत्तर हवे आहे. आणि प्रत्यक्ष काय पाहता येईल तेही सांगा.

इतिहासप्रेमी_सातारा:
बाई, सोपे आहे. रॉकेट टिपू सुलतानाने शोधले. 1780 साली पोल्लिलूरच्या लढाईत त्याच्या एका रॉकेटने इंग्रजांचा दारूगोळा उडवला आणि कर्नल बेलीची अख्खी तुकडी संपली. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी ती रॉकेटे लंडनला नेली आणि विल्यम काँग्रीव्ह या इंग्रजाने त्यांची नक्कल केली. एवढे सांगितले तरी मुले खूश होतील.

दारूकाम_पिढीजात:
ताई, मी इतिहासवाला नाही. आमच्या घरात जत्रेच्या शोभेच्या दारूचे काम आजोबांपासून आहे, परवाना आहे. बाणाबद्दल तेवढे सांगतो.

कागदी बाणाचे तीन जीव असतात: नळी, दारू आणि काडी. दारू थोडी थोडी टाकून ठासतात. ठासताना मध्ये फट राहिली किंवा ओलसर झालेली दारू वाळताना आकसून नळीच्या भिंतीपासून सुटली, की आग त्या फटीत शिरते. जी दारू हळूहळू जळायची ती एकदम पेटते, आणि बाण वर जाण्याऐवजी हातभर उंचीवर फुटतो. उडताना आवाज एकसारखा ‘सूंऽऽ’ यायला हवा. तो भकभक करत तुटक आला, तर आत काहीतरी बिघडले आहे हे आम्हाला तिथेच कळते.

काडीचे गणित बोटावर करतात. काडी बांधलेला बाण बोटावर आडवा ठेवायचा. नळीचे तोंड संपते त्याच्या जरा मागे तो तोलला गेला तर ठीक. काडी हलकी पडली तर बाण कोलांट्या घेतो, जड झाली तर उठत नाही.

धातुशाळा:
दारूकामवाले दादा, तुमच्या प्रतिसादात बाईंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आले आहे. मी आयुष्यभर पोलाद कारखान्यात काम केले, उरलेले अर्धे मी सांगतो.

काळी दारू मोकळ्यावर जळते त्यापेक्षा दाबाखाली जास्त वेगाने जळते. नळीत जितका दाब धरून ठेवता येईल तितका वायू मागच्या भोकातून जोरात बाहेर पडतो आणि बाण तितका लांब जातो. म्हणजे सगळा प्रश्न नळी किती दाब सोसते याचा आहे.

बाई, फळ्यावर एक हिशोब करून दाखवा. समजा नळीची आतली रुंदी 5 सेंटीमीटर आहे आणि आत हवेच्या दाबाच्या 20 पट दाब आहे. नळीचे 1 सेंटीमीटर लांबीचे कडे डोळ्यांसमोर आणा. त्याला उभे चिरू पाहणारे बल साधारण 100 किलो वजनाइतके येते. ते दोन बाजूंच्या भिंतींवर वाटले जाते, म्हणजे प्रत्येकीवर 50 किलो. भिंत 3 मिलिमीटर जाड असेल, तर बोटाच्या नखापेक्षाही लहान छेदावर हा भार आहे. घडीव लोखंड त्याच्या दहापट भार सहज सोसेल. गुंडाळलेला, खळीने चिकटवलेला कागद मात्र तिथे सीमेवर उभा असतो, आणि आतून तो जळतही असतो. म्हणून कागदी बाणाची दारू मंद ठेवावी लागते किंवा भोक मोठे ठेवून दाब सोडून द्यावा लागतो. लोखंडात ही सक्ती उरत नाही.

लोखंडाचे तोटेही सांगा. नळी जड होते. शिवाय पत्रा वळवून सांधलेली नळी फुटते तेव्हा बहुधा सांध्यावर उभी चिरते आणि तिचे तुकडे उडवणाऱ्याच्याच अंगावर येतात. सांधा नीट बसवणारा लोहार मिळणे हीच मोठी अट होती. मैसूरकडे चांगले लोखंड आणि ते घडवणारे हात, दोन्ही होते.

इतिहासप्रेमी_सातारा:
म्हणजे शोध टिपूचाच ना शेवटी?

बखरवाचक:
नाही. तुमचे बरेचसे बरोबर आहे, पण हे नाही. टिपूच्या आधी हैदर अली होता, आणि हैदरचा बाप फत्ते महंमद अर्काटच्या नबाबाकडे बाणदारांच्या तुकडीवर नायक होता. बाण त्या काळी दख्खनच्या बहुतेक फौजांत होते, मराठ्यांच्याही. 1795 साली खर्ड्याच्या लढाईत निजामाच्या फौजेवर रघुजी भोसल्यांच्या लोकांनी बाणांचा मारा केल्याची नोंद आहे. बाई, खर्डा जामखेड तालुक्यात आहे. मुलांना एवढे सांगितले तरी ही गोष्ट परक्या मुलखातली वाटणार नाही.

मैसूरने वेगळे काय केले, तर लोखंडी नळी नेहमीची केली आणि बाणदारांची कायमची फौज उभारली. लंडनमधल्या वूलविचच्या तोफखाना संग्रहालयातल्या दोन मैसुरी बाणांची मापे शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी 1985 च्या एका निबंधात दिली आहेत. एकाची नळी सुमारे 25 सेंटीमीटर लांब, 6 सेंटीमीटरच्या आतबाहेर जाड, आणि काडीऐवजी एक मीटरभर लांब तलवारीचे पाते चामड्याच्या वादीने बांधलेले. दुसऱ्याची नळी बारीक, तिला जवळपास दोन मीटरचा बांबू. पहिला बाण जमिनीवर आपटून गरगरत पुढे गेला की पाते फिरणार, आणि पायदळाच्या रांगेत त्याच्या वाटेत उभे राहणे कठीण होणार. पण सगळ्याच बाणांना पाती होती असे समजू नका. बांबू स्वस्त, तो कुठेही मिळणारा.

सिंधुसागर:
चीनचे कोणीच बोलले नाही! बाई, फटाक्यापासून सुरुवात करायची तर तेराव्या शतकात या. सोंग सम्राट लिझोंगच्या दरबारात मेजवानी होती. आतषबाजीत ‘जमिनीवरचा उंदीर’ नावाचा फटाका सोडला, म्हणजे एका बाजूला भोक असलेली दारूची नळी, जी आपल्याच जोराने फरशीवर सैरावैरा धावायची. ती थेट राजमातेच्या आसनाकडे गेली. राजमाता घाबरली, रागावली, आणि मेजवानी तिथेच थांबली. ही कथा चिनी लेखनात आहे. दारूने भरलेली नळी स्वतः पळते हे इतक्या साध्या प्रसंगातून दिसते, की मी तरी इथूनच सुरुवात करेन. अशी नळी बाणाच्या दांडीला बांधली की ती कुठे पळायची ते ठरवता येते.

नवा_मावळा:
भारी धागा! मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही मित्र मिळून लोखंडी पाइपचा असाच बाण प्रकल्प म्हणून बनवायचा विचार करतोय. दारू कुठली वापरायची आणि पाइप किती जाड घ्यायचा, सांगाल का?

दारूकाम_पिढीजात:
भावा, नाही. परवाना असूनही मी धातूच्या नळीत दारू भरत नाही, आमच्याकडे कोणीच भरत नाही. कागदी नळी फुटली तर कागद उडतो. लोखंडी फुटली तर हात जातो, डोळा जातो, आणि हा कायद्याने गुन्हा आहे. हा विचार सोड.

धातुशाळा:
दादांशी शंभर टक्के सहमत. मित्रा, तुमच्या प्रकल्पाला आणि बाईंच्या वर्गाला एकच सल्ला: शीतपेयाची प्लास्टिकची बाटली, तिच्यात थोडे पाणी, बूच आणि सायकलचा पंप. दाब वाढवत जा आणि प्रत्येक वेळी बाटली किती लांब गेली ते मोजा. वर्गाच्या बाहेर, मोकळ्या मैदानावर, डोळ्यांवर चष्मा लावून, उडवणारा लांब दोरी ओढणार अशा बेताने. दाब जास्त म्हणजे पल्ला जास्त हे मुले स्वतः आलेखावर काढतील. मात्र एका मर्यादेपुढे पंप मारू नका, बाटलीही फुटते. कागदी बाणाची अडचण नेमकी तीच होती.

करवीरची_बाई:
धातुशाळा काका, बाटलीचा प्रयोग नक्की घेते. दारूकामवाले दादा, बोटावर तोलायची गोष्ट मुलांना फार आवडेल, दारू न भरलेली कागदी नळी आणि काडी घेऊन दाखवेन. आता एक प्रश्न. पोल्लिलूरला दारूगोळा रॉकेटनेच उडाला का? आणि काँग्रीव्हने खरेच नक्कल केली का?

बखरवाचक:
पोल्लिलूर, 10 सप्टेंबर 1780. बेलीच्या तुकडीचे दारूचे गाडे लढाईच्या मध्यावर उडाले आणि त्यानंतर त्याची फळी सावरली नाही, एवढे पक्के. ते बाणाने उडाले की तोफगोळ्याने, यावर जुन्या लेखकांतच एकमत नाही. श्रीरंगपट्टणच्या दर्या दौलत बागेत भिंतीवर या लढाईचे मोठे चित्र आहे. इंग्रजांच्या चौकोनी फळीच्या मध्यभागी उडालेला गाडा मुलांना शोधायला सांगा.

बाणांचा धाक मात्र खरा होता. 5 एप्रिल 1799 च्या रात्री श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या झाडीत कर्नल आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, अंधारात बाण आणि बंदुकांच्या माऱ्यात सापडला आणि त्याला माघार घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी उजेडात, जास्त फौज घेऊन, त्याने तीच जागा घेतली. यात बाणांची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. रात्री, गर्दीवर, घोडे आणि बैल बिथरवायला बाण उत्तम, पण नेम धरून एका जागेवर मारायला कच्चे. लांब काडीमुळे सुटताना वेग कमी असतो तेव्हाच वारा त्यांना वळवतो.

धातुशाळा:
काँग्रीव्हबद्दल थोडे. त्याने सुरुवातीला लंडनमधले मिळतील तेवढे मोठे शोभेचे बाण स्वखर्चाने घेतले आणि उडवून पाहिले. ते 500-600 यार्डांवर संपले, मैसुरी बाण त्याच्या दुप्पट जात असे सांगितले जाई. पुढे त्याने नळ्या मोठ्या केल्या, लोखंडी केल्या, आणि पल्ला 2000 यार्डांच्या आसपास गेला. सगळे श्रेय लोखंडाला देऊ नका, आकार आणि दारूही बदलली होती. 1806 मध्ये फ्रान्सच्या बूलोन बंदरावर आणि 1807 मध्ये कोपनहेगनवर तेच बाण पडले.

इतिहासप्रेमी_सातारा:
म्हणजे नक्कलच झाली की!

बखरवाचक:
मैसूरचे बाण इंग्लंडला पोहोचले होते आणि काँग्रीव्हला ते माहीत होते. नक्कल किती आणि स्वतःचे किती, यावर अभ्यासक आजही भांडतात. वर्गात हा प्रश्न उघडा ठेवा, मुलांनी दोन्ही बाजू मांडाव्यात.

बाई, शेवटची सूचना. सहलीत एक दिवस वाढवता आला तर शिमोग्याला जा. जवळच्या नगर गावी, जुन्या बिदनूरला, एका कोरड्या विहिरीत 2018 साली हजारावर लोखंडी बाण सापडले. ते शिमोग्याच्या शिवप्पा नायक राजवाड्यातल्या संग्रहालयात ठेवले आहेत. काय मांडलेले आहे ते आधी फोन करून विचारा. श्रीरंगपट्टणला चित्र दिसेल, नळी बघायची तर शिमोगाच.

करवीरची_बाई:
शिमोग्याचे मुख्याध्यापकांशी बोलते. कोल्हापूरहून मैसूरला जाताना हुबळीनंतर फाटा घेतला तर फार वळसा पडतो का? त्या बाजूने कोणी गेले असेल तर मुक्कामाची सोयही सांगा, चाळीस मुले आहेत.