प्रोजेक्टर स्लॅबला टांगायचाय, चौथं भोक अडलंय! मदत हवी आहे

शनिवारची_मॅच
माउंटची प्लेट स्लॅबला लावतोय. तीन भोकं नीट झाली, चौथ्याला बिट इंचभर आत गेलं आणि तिथेच अडकलंय. कितीही जोर लावा, पुढे सरकत नाही. तीनच बोल्टवर चालेल का? आणि एचडीएमआय केबल कुठून न्यायची? शनिवारच्या आत लावायचंय, प्लीज लवकर सांगा.

गच्चीवरचा
अहो, स्लॅब की पीओपीचं फॉल्स सीलिंग? मशीन कुठलं? प्रोजेक्टरचं वजन किती? पडद्यापासून किती लांब लावताय? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग काय सांगणार?

नाना_फिटर
तिथे गिट्टी ठोका, थोडं एम-सील भरा, झालं. पंखे वर्षानुवर्षं टांगलेले असतातच की.

स्लॅबवाला
नाना, पंखा गिट्टीवर टांगलेला नसतो. स्लॅब ओततानाच त्याचा हूक सळईत अडकवून सोडलेला असतो. भिंतीवर फ्रेम लावली की वजन खाली जातं आणि गिट्टीचा स्क्रू आडवा दाबला जातो. छताला तेच वजन स्क्रूला सरळ बाहेर ओढतं. प्लास्टिक सततच्या ओढीनं हळूहळू ढिलं पडतं. त्यात गिट्टी निम्मी प्लास्टरमध्येच बसली असेल तर विचारायलाच नको.

धागाकर्ते, इंचभरावर अडणं ही सळईची खूण आहे. दहा-बारा मिमी प्लास्टर आणि त्यामागे साधारण २० मिमी काँक्रीट, की सळई लागते. पण साधं इम्पॅक्ट ड्रिल असेल तर कडक खडीवरही ते असंच रडतं. भोकात टॉर्च मारा. तळाशी चकचकीत धातू दिसला किंवा भुकटीतले कण चुंबकाला चिकटले, तर सळईच. राखाडी, खडबडीत दिसलं तर खडी आहे. ती एसडीएसवाल्या हॅमर ड्रिलनं फुटते, मशीन भाड्यानं मिळतं.

शनिवारची_मॅच
टॉर्च मारला, चकाकतंय. सळईच आहे.
स्लॅबच आहे, पीओपी नाही. हॉल १६ बाय ११ फूट, उंची साडेनऊ फूट. पडदा १०० इंची. प्रोजेक्टर फुल एचडी, माउंटसकट सहा किलो. मॅन्युअलमध्ये थ्रो १.५ ते १.८ लिहिलंय. पंखा हॉलच्या मधोमध आहे. आता?

स्लॅबवाला
सळई कापायची नाही, मेटलचं बिट लावून तर अजिबात नाही. भोक सोडून द्या आणि सगळी प्लेटच सरकवा. तुम्हाला जागा आहे. थ्रो म्हणजे पडद्याच्या रुंदीच्या किती पट लांब लेन्स हवी. १०० इंची पडदा २२१ सेमी रुंद, म्हणजे लेन्स ३३२ ते ३९८ सेमीवर कुठेही चालेल. आत्ता कितीवर आहे?

शनिवारची_मॅच
३३२. प्लेटची भोकं १० सेमीच्या चौकोनात.

स्लॅबवाला
मग १८ सेमी मागे घ्या, ३५० होईल, बाकीचं झूमनं सांभाळा. बरोबर १५ नको. स्लॅबच्या सळया बऱ्याचदा साधारण तेवढ्याच अंतरानं असतात, परत तिथेच गाठ पडेल. सळई लांबीच्या दिशेनं असेल तर नुसतं मागे जाऊन ती सुटणार नाही, म्हणून ३ सेमी बाजूलाही सरका. माउंटचे हात हलवून लेन्स परत मध्यावर येते. आधी ६ मिमीच्या बिटनं चारही जागी ४० मिमीपर्यंत चाचणी घ्या. सगळीकडे मोकळं गेलं की मगच १० मिमीचं बिट. बिटवर ६५ मिमीला चिकटपट्टी लावा. मधेच बिट एकदम सटकलं किंवा पांढरे प्लास्टिकचे तुकडे पडले तर लगेच थांबा, आत वायरिंगचा पाइप असतो.

फास्टनर एम ८, स्लीव्हचा, ज्याला १० मिमी भोक लागतं. भोकातली भुकटी फुंकणीनं पूर्ण काढा, नाहीतर स्लीव्ह पकडतच नाही, नट आवळताना सगळंच गरागरा फिरतं. जुनी चारही भोकं नॉन-श्रिंक ग्राउटनं भरा.

गच्चीवरचा
सहा किलोला एम ८ चे तीन बोल्टसुद्धा उरून पुरतात. उगाच नवी चार भोकं कशाला?

स्लॅबवाला
पडणार नाही, ते मान्य. पण चौथा कोपरा मोकळा राहिला की प्लेट किंचित हलते. छतावर एक मिमी हललं की पडद्यावर जास्त दिसतं.

गच्चीवरचा
प्लेट जाड असेल तर काही हलत नाही. असो, तुमचं चालू द्या.

मीनल_ठाणे
वरच्या मजल्यावर बाथरूम असेल तर भोकातून पाणी येईल का? आमच्याकडे बेडरूमच्या छताला डाग पडलाय.

नाना_फिटर
मीनलताई, त्याचा वेगळा धागा काढा, तिथे सांगतो.

डीटीएच_दादा
सगळे प्लेटवरच अडलेत, पंख्याचं कोणी बोललं नाही! पंखा पडद्यापासून ८ फुटांवर आणि पाती त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट. प्रकाश त्यांच्याखालूनच जाणार. साडेनऊ फूट म्हणजे २९० सेमी, पाती स्लॅबखाली ३२ सेमीवर धरली तर २५८ वर. लेन्स १८ सेमी खाली ठेवलीत तर ती २७२ वर येते आणि पाती चित्राचा वरचा भाग कापतात, पडदा सतत लुकलुकतो. लेन्स ४० सेमी खाली, म्हणजे २५० वर आणा. मग प्रकाशाची वरची कड पात्यांच्या आठ-दहा सेमी खालून जाते. तुमची पाती किती खाली आहेत ते मात्र मोजा. माउंटचा पाइप त्याहून लांब नको, लांब पाइप पंख्याच्या वाऱ्यानं डोलतो.

पॉवर तिथल्याच पंख्याच्या पॉइंटवरून घ्या, एक वायर वाचते.

स्लॅबवाला
पात्यांचं बरोबर. पॉवरचं नाही. पंख्याचा पॉइंट रेग्युलेटरमधून येतो, आणि बहुतेक जागी तिथे अर्थिंगही नसतं. जवळच्या प्लगवरून अर्थिंगसकट वेगळी तीन वायरची लाइन आणा.

शनिवारची_मॅच
आणि केबल? घरात २० मिमीचा रिकामा पाइप आहे भिंतीत. वर झिरी पाडून त्याला जोडू का?

स्लॅबवाला
स्लॅबला झिरी नको. सळईवरचं काँक्रीट कमी झालं की ती गंजते. २० मिमीच्या पाइपातून एचडीएमआयचं डोकं कोपऱ्यावर अडकेल. छतावरून बाजूच्या भिंतीपर्यंत आणि पुढे कोपऱ्यानं पांढरी केसिंग पट्टी लावा. लांबी मोजा: माउंटच्या पाइपची ०.४, भिंतीपर्यंत १.७, पुढे ३.५, खाली २.२, परत मध्यापर्यंत १.७. साडेनऊ मीटर झाले. १० ची ताणली जाईल, १५ ची घ्या आणि उरलेली युनिटमागे मोठ्या वळणात ठेवा.

डीटीएच_दादा
१५ मीटर तांब्याची? ऑप्टिकल घ्या. उद्या फोर-के आणलात की परत पट्टी उघडावी लागेल.

स्लॅबवाला
फुल एचडीला जाड तांब्याची सहसा चालते. ऑप्टिकल घेतलीत तर टोकांवरचा सोर्स आणि डिस्प्ले नीट बघा. उलटी लावली तर चित्रच येत नाही. काहीही घ्या, पट्टी बंद करण्याआधी जमिनीवर जोडून अर्धा तास चालवा. चित्रात पांढरे ठिपके चमकले तर केबल बदला.

शनिवारची_मॅच
१८ आणि ३ सेमी सरकवून ६ मिमीची चार भोकं केली, चारही मोकळी गेली. ग्राउटऐवजी व्हाइट सिमेंट चालेल का? दुकान बंद झालंय.

नाना_फिटर
चालतं हो.

गच्चीवरचा
भोकं नुसती दिसू नयेत एवढंच असेल तर चालेल. नव्या भोकांपासून जुनी किती लांब आहेत?

शनिवारची_मॅच
सगळ्यात जवळचं आठ सेमी.